कळतं, पण बोलत नाही

प्रिय पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "बाई, माझ्या मुलाला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही." हे 'फक्त' मी माझ्याच घरी बरीच वर्षं ऐकलं. माझा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. नातवालाही सगळं कळायचं. आता तो कॉलेजात आहे आणि फोनवर "जेवलास का?" याच्या पुढे आमचं बोलणं सरकत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोव्यातल्या तुझ्या पर्वरीच्या घरात मराठी येते कुठून, ते बघ. शाळा इंग्रजी, खाली खेळणारी मुलं हिंदी, कामाला येणारी बाई कोंकणी. (कोंकणी त्याला येऊ दे. ती मराठीच्या आड येत नाही. ते भांडण मोठ्या माणसांचं.) मराठी उरली तुम्हा दोघांकडे आणि कुडाळच्या आजीकडे. त्यात तुम्ही दोघंही दमून आल्यावर इंग्रजीत शिरता.

बेल्जियममध्ये आनिक दे हाउवर या अभ्यासक बाईंनी सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली, २००७ साली ती छापून आली. या घरांत आई-बापांपैकी निदान एकजण तरी डचखेरीज दुसरी भाषा बोलत होता. तरी जवळपास चौथा हिस्सा मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. दोघंही पालक घरात तीच भाषा बोलतात, तिथे ती टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त दिसली. म्हणजे कानावर पडणं पुरत नाही. मुलाला बोलायची गरज पडली पाहिजे, आणि ती गरज आपणच नकळत काढून घेतो.

कशी, ते सांगते. तो म्हणतो, "मम्मा, आय वाँट वॉटर." तू पाणी देतेस. त्याचं काम झालं, मराठी वापरावीच लागली नाही. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेत दोन-दोन भाषांच्या घरांतली लहान मुलं जवळून पाहिली आणि आई-बापांच्या अशा उत्तरांची एक उतरंड मांडली. वरच्या पायरीवर "काय म्हणालास? कळलं नाही." मग "पाणी हवंय का?" त्याखाली "हं, पाणी पाहिजे तुला." त्याच्याही खाली न बोलता पाणी देणं, आणि तळाला आपणही इंग्रजीत वळणं. वरच्या दोन पायऱ्यांवर मुलाला भाषा बदलावीशी वाटते, खालच्या दोन्हींवर इंग्रजीच चालेल हे त्याला कळतं.

तुझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, तेव्हा "पाणी हवंय का?" पासून सुरुवात कर. तो नुसती मान हलवेल. तेवढ्यावर सोडू नकोस. "पाणी हवंय की दूध?" असं विचार, म्हणजे एक शब्द तरी तोंडातून निघेल. मात्र तो रडवेला झाला, पडला-झडला किंवा घाईने काही सांगत असला, तर भाषेचा हट्ट धरू नकोस. आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे तर "कळलं नाही" हे सोंग ठरतं आणि चिडाचीड होते. माझ्या सुनेने तेव्हा सुरुवात केली होती.

त्या वयात खरोखरच इंग्रजी न येणारं माणूस लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे. पण व्हिडिओ कॉलवर आजी "काय करतंस रे?" विचारते, तो इंग्रजीत काही बोलतो आणि तू लगेच "आई, तो म्हणतोय..." सुरू करतेस. दुभाषी होऊ नकोस. फोन त्याच्या हातात दे आणि स्वयंपाकघरात जा. पहिले काही दिवस दोघं एकमेकांकडे नुसती बघत बसतील, बसू दे. आणि ती मालवणी बोलते म्हणून तिला 'शुद्ध' बोलायला लावू नकोस. तुझी मराठी तिच्याकडूनच आली आहे.

भाषा झिजते आहे हे ओळखायचं कसं? आधी नात्यांची नावं जातात. आत्या, मावशी, मामी सगळ्या 'आंटी' होतात. मग 'घरात' ऐवजी 'घर मध्ये', 'ते पुस्तक' ऐवजी 'तो पुस्तक'. माझ्या लेखी सर्वांत मोठी खूण वेगळी आहे. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. हिंदीत आणि इंग्रजीत एकाच शब्दाने भागतं, त्यामुळे हा फरक मुलाच्या हातून सहज निसटतो. नातू सहा वर्षांचा असताना मला म्हणाला, "आजी, आम्ही बीचवर जाणार!" मी म्हटलं, "जा बाळा, मी घर सांभाळते." तो रडायलाच लागला, त्याला मला न्यायचं होतं. सगळे हसले, मीही हसले. तेव्हा हसण्याऐवजी "आपण ना? चल," एवढं म्हणायला हवं होतं.

मे महिन्यात त्याला कुडाळला पाठव. तू दोन दिवस राहा आणि परत ये.

तुझी,
बाई