जर्मनीतल्या सहलेखिकेला ठरावीक कॉलसाठी मेल

प्रश्न: मी नवी मुंबईत पीएचडी करतेय. जर्मनीतल्या एका संशोधिकेबरोबर मिळून पेपर लिहायचं ठरलंय. दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल ठेवूया असं त्यांना कसं लिहू? दोन मेल केले, दोन्हींना "हो, नक्की बोलूया" एवढंच उत्तर आलं. पुढे काहीच नाही.

उत्तर:

तुमच्या दोन्ही मेलमध्ये "तुमच्या सोयीची वेळ कळवा" असं एक वाक्य असणार, पैज लावतो. आपल्याला ते आदबीचं वाटतं. मोठ्या माणसाला वेळ सुचवायची कशी, असा संकोच असतो. पण ते वाचणाऱ्या बाईंना आता स्वतःचं कॅलेंडर उघडायचं, ठाणे-वाशीत तेव्हा किती वाजलेत ते काढायचं, तुमची लेक्चरं कधी असतील याचा अंदाज बांधायचा आणि मग लिहायचं. एवढं काम एका ओळीच्या मेलसाठी कोण करतं? त्या "हो" म्हणतात आणि पुढच्या मेलकडे वळतात. वेळ तुम्हीच सुचवा, दोनच पर्याय द्या, आणि दोन्ही त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहा.

माझं सांगतो. मी ठाण्यात राहतो, नवी मुंबईत एका कॉलेजात शिकवतो, आणि ठाणे खाडीतल्या गाळावर काम करतो. माझी सहलेखिकाही जर्मनीतच आहे. आमचा पाक्षिक कॉल २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि तीन महिन्यांत दोनदा आपटला. दोन्ही वेळा चूक माझ्या पहिल्या मेलमध्येच होती, म्हणून तेवढंच नीट सांगतो.

पहिली चूक घड्याळाची. आपलं घड्याळ वर्षभर एकच. जर्मनीचं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणजे उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. हे मला माहीत होतं. तरीही मी मेलमध्ये "दर दुसऱ्या मंगळवारी भारतीय वेळेनुसार दुपारी दीड" असं लिहिलं आणि गुगल कॅलेंडरवर तसंच आवर्तन लावलं. त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजत. त्यांनी डोक्यात ठेवलं "मंगळवारी दहा". मी ठेवलं "मंगळवारी दीड". दोघंही बरोबर होतो, २६ ऑक्टोबरपर्यंत.

२८ ऑक्टोबरला, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी दीडला कानाला हेडफोन लावून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसलो. माझ्या आवर्तनाने कॉल त्यांच्याकडे सकाळी नऊवर सरकवला होता, आणि त्या वेळी त्या मुलाला पाळणाघरात सोडायला गेल्या होत्या. मी अर्धा तास वाट बघून उठलो. त्या नेहमीप्रमाणे दहाला आल्या, तेव्हा आपल्याकडे अडीच वाजले होते आणि मी टीवायच्या प्रॅक्टिकलला उभा होतो. संध्याकाळी दोन्हीकडून माफीचे मेल गेले. सगळा प्रकार हास्यास्पद होता, पण आकृती तीनचा निर्णय त्यात पंधरा दिवस लांबला.

म्हणून मेलमध्ये एक वाक्य हवंच: वेळ कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे. माझं मत विचाराल तर त्यांच्या. घड्याळ त्यांचं हलतं, आणि त्यांची लेक्चरं, मुलांची शाळा, सगळं त्याच्याबरोबरच हलतं. त्यांचे दहा कायम दहाच राहू द्यावेत. आपल्याकडे मग कॉल उन्हाळ्यात दीडला आणि हिवाळ्यात अडीचला पडतो. याचा अर्थ असा की वार निवडताना तुम्ही दीड ते साडेतीन असा सलग दोन तासांचा मोकळा पट्टा शोधायचा, पाऊण तासाचा नव्हे. माझ्या वेळापत्रकात मंगळवारी तो नव्हता. तो मी आधी तपासलाच नव्हता. शेवटी प्रॅक्टिकल एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून बुधवारी नेलं.

कॅलेंडरचं आमंत्रण पाठवताना वेळेच्या शेजारी Time zone असं दिसतं. तिथे `Europe/Berlin` निवडा. तसंच सोडलं तर आपल्याकडे `Asia/Kolkata` धरलं जातं, आणि माझं जे झालं ते तुमचं होईल. मेलमध्ये नुसतं आयएसटी लिहू नका, आयर्लंड आणि इस्राएलच्या वेळांनाही तीच अक्षरं वापरतात. "बर्लिनची वेळ", "मुंबईची वेळ" असं शहराचं नाव लिहिलं की प्रश्न मिटला. आणि "हाफ टेन" वगैरे बोलीत अजिबात जाऊ नका. इंग्रज माणसाचं हाफ टेन म्हणजे साडेदहा, पण जर्मन भाषेत तशाच शब्दांचा अर्थ साडेनऊ होतो. आकडेच लिहावेत, तेही चोवीस तासांचे.

दुसरी चूक माझ्या विषयातली आहे, पण तुमचंही फील्डवर्क असेल तर उपयोगी पडेल. खाडीतल्या खाजणावरचे नमुने आम्ही उधाणाच्या दिवसांत घेतो, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं. पहाटे चिखलात उतरायचं, कांदळवनाच्या कडेने नमुने भरायचे आणि दुपारी ते प्रयोगशाळेत आणून ताबडतोब हाताळायचे. त्या दुपारी कॉलला बसणं अशक्य. आता गंमत बघा. उधाण साधारण पावणेपंधरा दिवसांनी येतं आणि आमचा कॉल चौदा दिवसांनी. पहिला कॉल ९ सप्टेंबरला ठेवला, दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झालेली. पुढचा २३ला, सर्वपित्री अमावास्येनंतर दोन दिवसांनी. त्यापुढचा ७ ऑक्टोबरला, थेट पौर्णिमेला. तिन्ही कॉल उधाणावरच आदळले आणि तिन्ही वेळा मी "या वेळी जरा पुढे ढकलूया का" असा मेल केला. तिसऱ्यांदा लिहिताना मलाच लाज वाटली. समोरच्याला यात भरती-ओहोटी दिसत नाही, त्याला एक टाळाटाळ करणारा माणूस दिसतो.

उपाय साधा होता. सगळी मालिका एका आठवड्याने सरकवली, १४ ऑक्टोबर, २८ ऑक्टोबर अशी, म्हणजे कॉल भांगाच्या, उधाण नसलेल्या दिवसांत आला. दर वेळी पाऊण दिवसाचा फरक साचत जातो, त्यामुळे डिसेंबरअखेरीला तो पुन्हा उधाणाजवळ येऊ लागला. पण तोवर नाताळची सुट्टी आली आणि जानेवारीत आम्ही तारखा नव्याने मांडल्या. तुमचं काम खाडीवरचं नसेल, पण दोन आठवड्यांचं चक्र असलेलं काही असेलच: एखाद्या यंत्राची मिळालेली पाळी, गाइडबरोबरची ठरलेली बैठक. पहिल्या चार तारखा वहीत लिहून त्यावर ते चक्र ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

संध्याकाळची वेळही एकदा सुचवून बघितली होती, त्यांचे दुपारचे दोन. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच. मी त्या वेळी ट्रान्सहार्बरच्या गाडीत असतो. घणसोली ते ऐरोली फोनवर बोललो, त्यातलं निम्मं त्यांना ऐकू गेलं नाही आणि शेजारच्या काकांना सगळं. पुन्हा नाही केलं.

आता मेल. मी नंतर जो पाठवला तो इंग्रजीत होता, त्याचा आशय तुमच्यासाठी बदलून असा:

"प्रिय डॉ. अमुक, पेपरची आखणी करायला आपण दर दुसऱ्या आठवड्याला ४५ मिनिटं बोलावं असं सुचवते. मला दोन वेळा जमतील: मंगळवार १०:०० किंवा गुरुवार ०९:००, दोन्ही बर्लिनच्या वेळेनुसार. ही वेळ बर्लिनच्या घड्याळाला बांधलेली राहील. ऑक्टोबरअखेर तुमचं घड्याळ बदललं की माझ्याकडे ती तासाने उशिरा होईल, आणि ते मला चालेल. पहिल्या कॉलसाठी तीन विषय धरले आहेत: कोणत्या आकृत्या ठेवायच्या, कोणतं जर्नल, आणि लेखकांचा क्रम. सहा कॉल करू, मग पुढे लागतात का ते ठरवू. दोन्हींपैकी एक वेळ कळवलीत की मी कॅलेंडरचं आमंत्रण आणि दुवा पाठवते."

यातल्या दोन गोष्टींवर थोडं बोलतो. "सहा कॉल" हा आकडा मुद्दाम आहे. अंत नसलेल्या आवर्तनाला माणूस पटकन हो म्हणत नाही, म्हटलंच तरी दुसऱ्या महिन्यापासून बुडवायला लागतो. सहा म्हणजे तीन महिने, तेवढ्यात पहिला कच्चा मसुदा व्हायला हरकत नाही. कॅलेंडरमध्येही आवर्तनाची शेवटची तारीख घाला.

दुसरी, लेखकांचा क्रम. हा विषय पहिल्या मेलमध्ये लिहायला आपल्याला जड जातं, विशेषतः समोरची व्यक्ती ज्येष्ठ असताना. पण तो पहिल्या कॉलच्या विषयांत उघडपणे असला की कुणी कुणाला कोपऱ्यात गाठल्यासारखं वाटत नाही. मसुदा अर्धा झाल्यावर काढलेला हाच विषय फार कडवट होतो, मी दुसऱ्या एका पेपरात भोगलंय. तुमच्या गाइडना मात्र आधी सांगून ठेवा. मॅडम किंवा सर जे कोण असतील, त्यांना कॉलमध्ये पहिल्यांदा कळायला नको.

फुकटचं झूम वापरणार असाल तर ते चाळीस मिनिटांनी तोडतं, दोघंच असलात तरी. एक तर कॉल तेवढ्यात बसवा, नाही तर गुगल मीट घ्या. दोघांच्या कॉलला तिथे ती अडचण येत नाही.

कॉल रद्द करायचा असेल तर आदल्या दिवशी त्यांच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं, एवढा एकच नियम आम्ही ठेवला. आणि रद्द झालेला कॉल पुढे ढकलायचा नाही, तो गेला. ढकलत राहिलं की चौदा दिवसांचं चक्र मोडतं आणि पुन्हा "कधी जमेल?"चे मेल सुरू होतात. त्या दिवशी बोलायचे मुद्दे सामायिक फायलीत दोन ओळींत लिहून टाकतो.

आता तुमचा तिसरा मेल. आधीच्या दोन मेलांचा उल्लेख करू नका, "आठवण करून देते" वगैरे तर नकोच. त्याच साखळीत उत्तर म्हणून वरचा मजकूर तुमच्या तारखांसह पाठवा. सोमवारी किंवा मंगळवारी आपल्या दुपारी पाठवलात तर तो सकाळी त्यांच्या इनबॉक्समध्ये वर राहील. आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर फक्त पहिल्या कॉलचं एकच आमंत्रण पाठवा, आवर्तन न लावता. त्यांनी ते स्वीकारलं की मग उरलेल्या पाच तारखा घाला. माझ्या बाबतीत त्यांनी मंगळवार नाकारून गुरुवार नऊ घेतलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी चार मिनिटांत उत्तर दिलं: "मंगळवार. आमंत्रण पाठवा."