फोटोचे पैसे मागणारा ईमेल, म्यूट झालेलं रील आणि परवानगीचा पुरावा

प्रश्न: मी मेणबत्त्या बनवून इन्स्टाग्रामवर विकते. पावसाळी खिडकीचा एक फोटो मोफत लायसन्सचा म्हणून घेतला होता, तिथे CC BY 2.0 लिहिलं होतं. पोस्टवर फोटोग्राफरचं नाव टाकायचं राहिलं आणि आता पैसे मागणारा ईमेल आलाय. त्यातच ट्रेंडिंग गाण्यावरच्या एका रीलचा आवाज म्यूट झाला. कॅप्शनमध्ये मी गाण्याच्या ओळी आणि सुविचारही टाकते, खाली श्रेय देते. श्रेय पुरत नाही का? बिझनेस अकाउंटचं क्रिएटर अकाउंट केलं तर प्रश्न सुटेल का?

उत्तर:

आधी ईमेलचं बघू, कारण त्यात मुदत घातलेली असते आणि घाबरून माणूस नेमकं नको ते करून बसतो. मी वकील नाही, आणि कायदा देशागणिक बदलतो. मागितलेली रक्कम तुम्हाला जड वाटत असेल तर खालचं सगळं वाचूनही वकिलाला दाखवाच.

पोस्ट आत्ता लगेच डिलीट करू नका. आधी तिचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. मग तो फोटो जिथून घेतला ते पान उघडा आणि लायसन्सची ओळ दिसेल असा त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. फोटोग्राफर नंतर लायसन्स बदलू शकतो, आणि मग पानावर ‘सर्व हक्क राखीव’ दिसतं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजेच CC लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, त्यामुळे अटी पाळून आधी घेतलेल्यांचा हक्क टिकतो. पण फोटो घेतला तेव्हा तिथे काय लिहिलं होतं हे दाखवायचं काम तुमच्यावर येतं. पान बदललेलं असेल तर वेबॅक मशीनवर जुनी प्रत सापडते का बघा. हे झालं की पोस्ट उतरवा. उतरवल्याने मागणी रद्द होत नाही, पण ईमेल मिळाल्यावरही वापर चालू ठेवला तर तुमची बाजू आणखी पडती होते.

ईमेल खरा आहे का तेही तपासा. कॉपीराइटची भीती घालून लिंक उघडायला किंवा लॉगिन करायला लावणारे फसवे मेल खूप फिरतात. खऱ्या मागणीत फोटो, तुमच्या पोस्टचा पुरावा आणि हक्कधारकाचं नाव असतं. खोट्यात नुसती घाई असते. मेलमधल्या लिंकवर न जाता त्या संस्थेची साइट स्वतः शोधा आणि तिथल्या पत्त्यावर विचारा. उत्तरात माफी मागू नका, चूक कबूल करू नका, वादही घालू नका. हक्क कोणाचा आहे, त्याच्या वतीने मागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला आणि रक्कम कशी काढली, एवढंच विचारा. पहिला आकडा बहुतेक वेळा अंतिम नसतो.

आता तुमच्या लायसन्समधलं 2.0, म्हणजे त्याची आवृत्ती. सगळं यावर अडलंय आणि याबद्दल कोणी बोलत नाही. CC BY म्हणजे नाव देण्याच्या अटीवर परवानगी. अट मोडली की परवानगी संपते. 4.0 आवृत्तीत मात्र सोय आहे: चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर परवानगी आपोआप परत मिळते. तरी मधल्या काळातल्या वापराबद्दल दावा करायचा हक्क मालकाकडे राहतोच. 2.0 आणि 3.0 मध्ये ही सोय नाही. तिथे नाव द्यायचं राहिलं की परवानगी त्याच क्षणी जाते आणि नंतर नाव टाकून ती परत येत नाही. म्हणूनच जुन्या आवृत्तीत फोटो टाकायचे, अर्धवट श्रेय देणारे शोधायचे आणि पैसे मागायचे, असा धंदाच काही लोक करतात. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्याच हक्कधारकाच्या अशा मागण्यांबद्दल इतरांनी काही लिहिलंय का, हे पैसे देण्याआधी शोधा.

श्रेय द्यायचं तर पूर्ण द्या: फोटोचं नाव, फोटोग्राफर, मूळ पानाचा पत्ता, लायसन्स आवृत्तीसह, आणि काही बदल केला असेल तर तो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंकवर क्लिक होत नाही, तरी पत्ता लिहा. लायसन्सच्या नावात NC असेल तर विक्रीच्या पोस्टला तो फोटो नकोच. ND असेल तर मूळ फोटो जसाच्या तसा वापरता येतो, पण त्यावर मजकूर चढवून किंवा त्यात फेरफार करून नवी प्रतिमा टाकता येत नाही. माझं स्पष्ट मत असं की, धंद्याच्या पोस्टसाठी CC0, म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडून दिलेला, किंवा स्वतः काढलेला फोटो सोडून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नादी लागू नये. पावसाळी खिडकी फोनवरही छान येते.

तुमचा ईमेल वाचून मला माझं जुनं प्रकरण आठवलं. आमचा फोटो तर विकत घेतलेला होता. पोस्ट करून देणारी एक छोटी एजन्सी होती, तिने फोटो विकणाऱ्या एका स्टॉक साइटवरच्या स्वतःच्या खात्यातून तो डाउनलोड केला होता. पुढे ती एजन्सी बंद पडली. मागणी मात्र आमच्या नावावर आली, कारण पेज आमचं होतं. स्टॉक साइटच्या मदतकेंद्राला मी फोटोचा क्रमांक, पोस्टची तारीख, एजन्सीचं नाव सगळं पाठवलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच: खातं तुमचं नाही, म्हणून माहिती देता येणार नाही. बरं, खातेदाराने लिहिलं तर द्याल का? त्यावर त्यांनी लायसन्सच्या पानाची लिंक पाठवली. पैसे मागणारी कंपनी म्हणत होती की लायसन्स दाखवा, दावा आजच बंद करतो. लायसन्स अस्तित्वात होतं आणि ते एका ओळीत सांगू शकणारा एकमेव विभाग ती ओळ लिहायला तयार नव्हता. शेवटी तडजोड करून पैसे भरले. ज्या गोष्टीचे पैसे एकदा गेले होते तिचेच पुन्हा! त्या मदतकेंद्राचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून डिझायनर किंवा एजन्सीकडून काम घेत असाल तर अंतिम फाइलसोबत डाउनलोडची पावती, फोटोचा क्रमांक आणि त्या तारखेच्या लायसन्सची पीडीएफ मागा. त्याशिवाय बिल चुकतं करू नका. शक्य असेल तर खातंच तुमच्या नावाने काढा. मोफत साइट असली तरी हेच करा. अनस्प्लॅश, पेक्सेल्सचे फोटो व्यवसायासाठी चालतात, पण फोटो टाकणारा खरंच मालक आहे याची हमी तुम्हाला मिळत नाही. ओळखू येणारा चेहरा किंवा ब्रँड दिसत असेल तर त्याची परवानगी हा आणखी वेगळा विषय. आणि सशुल्क साइटवर फोटोखाली ‘एडिटोरियल’ लिहिलं असेल तर तो बातमी-लेखासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही.

आता रील. क्रिएटर अकाउंट केलं तर मोठी म्युझिक लायब्ररी दिसायला लागेल, बरोबर. पण मेटाच्या संगीत नियमांत साफ लिहिलंय की व्यावसायिक किंवा वैयक्तिक नसलेल्या वापरासाठी वेगळी परवानगी लागते. गाणं शोधात दिसलं म्हणजे मेणबत्ती विकायला त्याची परवानगी मिळाली असं होत नाही. व्हिडिओ कशासाठी केलाय हे पाहतात, खात्याचा प्रकार नव्हे. 2022 मध्ये अमेरिकेत बँग या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीविरुद्ध संगीत कंपन्यांच्या बाजूने निकाल लागला, तो तिने टिकटॉकवर टाकलेल्या जाहिरातवजा व्हिडिओंतल्या गाण्यांवरूनच. ॲपमध्ये गाणी मिळत होती हा बचाव तिच्या कामी आला नाही. तुमचं रील फक्त म्यूट झालं, हे मी सुटका समजते.

‘पंधरा सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम नाही. वेग वाढवून, सूर बदलून किंवा ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ लिहून काही होत नाही. उलट त्या शेवटच्या ओळीने गाणं दुसऱ्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं असंच दिसतं. ‘ओरिजिनल ऑडिओ’ या पट्टीवरही जाऊ नका. कोणीतरी गाणं मागे वाजवून व्हिडिओ टाकला तरी ती पट्टी लागते.

परवानगी घ्यायचीच ठरवली तर गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, हे लक्षात ठेवा. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींचे मालक बहुतेक वेळा वेगळे असतात आणि दोघांचीही परवानगी लागते. स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं तर दुसऱ्या हक्कातून सुटाल, पहिल्यातून नाही. जुन्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग आणि अलीकडे बांधलेली चाल नाही. छोट्या व्यवसायाला हे झेपत नाही. म्हणून मेटाचं साउंड कलेक्शन किंवा टिकटॉकची कमर्शियल म्युझिक लायब्ररी वापरा, आणि एका प्लॅटफॉर्मचं संगीत दुसऱ्यावर नेऊ नका, कारण परवानगी सहसा तिथपुरतीच असते. विकत घेतलेल्या ‘रॉयल्टी-फ्री’ ट्रॅकलाही अटी असतात. सदस्यत्व संपल्यावर जुन्या पोस्टचं काय आणि पैसे देऊन केलेली जाहिरात त्यात बसते का, हे दोन मुद्दे वाचल्याशिवाय घेऊ नका.

गाण्याच्या ओळींचं थोडक्यात सांगते. गाणं मुळातच लहान असतं, त्यामुळे दोन ओळीसुद्धा त्याचा मोठा भाग ठरू शकतात, त्यातही ध्रुवपद असेल तर जास्तच. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे, त्यामुळे विक्रीच्या कॅप्शनमध्ये मी ओळी टाकत नाही. गाण्याच्या नुसत्या नावावर सहसा कॉपीराइट नसतो, नाव घेऊन तोच भाव स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो.

सुविचारांत धोका कमी आहे, पण शून्य नाही. फार जुन्या लेखकाचं वाक्य मुक्त असलं तरी त्याचा अलीकडचा अनुवाद अनुवादकाचा असतो. किती जुनं म्हणजे मुक्त? कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं, अनेक देशांत 60 किंवा 70. शिवाय नेटवर फिरणारी निम्मी वाक्यं भलत्याच माणसाच्या नावावर खपतात, असं माझं तरी निरीक्षण आहे. मूळ पुस्तक किंवा भाषण सापडलं नाही तर ते वाक्य सोडून द्या. हयात प्रसिद्ध व्यक्तीचं वाक्य आणि तिचा फोटो तुमच्या मालाशेजारी ठेवलात, तर तिने शिफारस केल्यासारखं दिसतं. तो वाद कॉपीराइटचा नसतो, पण महागात पडतो.

जुन्या पोस्ट साफ करायला घ्याल तेव्हा तारखेच्या क्रमाने जाऊ नका. पैसे देऊन बूस्ट केलेल्या आधी, मग किंमत किंवा ऑर्डरची लिंक असलेल्या, मग बाकीच्या. हायलाइटमध्ये ठेवलेल्या जुन्या स्टोरीज विसरू नका, त्या चोवीस तासांनी जात नाहीत. आणि ईमेलला काय उत्तर आलं ते इथे नक्की लिहा, मी बघत राहीन.