पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतं, मग सकाळचं का नाही?

"मॅडम, बाबांना पहिल्या नोकरीतल्या साहेबांचं नाव आठवतं, पण सकाळी मी फोन केला होता हे आठवत नाही. तासाभरात चारदा विचारतात, 'तू कधी येणार?' ते लक्षच देत नाहीत की मुद्दाम करतात?"

मुलीच्या आवाजात राग होता, आणि त्याखाली भीती. बाबा शेजारीच बसले होते. मी त्यांना पाच शब्द सांगितले: गुलाब, खुर्ची, हत्ती, कुलूप, नदी. त्यांनी पाचही लगेच म्हणून दाखवले. म्हणजे लक्ष होतं. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारलं, तर एकच शब्द आला. "त्यात एक फूल होतं," मी सुचवलं. "फूल? तुम्ही मला शब्द कधी सांगितले?"

माझ्या मनात शंका आली ती इथे. वयामुळे किंवा उदासीमुळे विसरणाऱ्याला असा धागा दिला की शब्द बहुधा सापडतो. बाबांकडे तो नीट साठलाच नव्हता.

ऐकलेलं काही सेकंद मनात धरायला हिप्पोकॅम्पस फारसा लागत नाही. ते टिकवायला मात्र तो लागतो. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, दोन्हीकडे एकेक असा हा भाग असतो. फोनवरचा आवाज, बोलणं, तेव्हाची खोली हे सगळं मेंदूच्या बाहेरच्या थरात वेगवेगळ्या जागी नोंदलं जातं आणि हिप्पोकॅम्पस त्यांची गाठ बांधतो. पुढे झोपेत आणि पुन्हा पुन्हा आठवताना त्या जागांचे आपसांतले धागे पक्के होतात, मग जुन्या आठवणीला त्याची गरज कमी होत जाते. 1953 मध्ये अपस्मारासाठी हेन्री मोलेसनच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला, तेव्हा त्याचं बालपण शाबूत राहिलं, पण नुकती भेटलेली माणसं त्याला दर वेळी नवीच वाटत.

अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते बहुधा आधी हिप्पोकॅम्पसच्या दारातल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये आणि मग हिप्पोकॅम्पसमध्ये होतात. बाहेरची माहिती आत येते ती याच दारातून. म्हणून सकाळचा फोन गाठ पडण्याआधीच निसटतो. साहेबांचं नाव मात्र हजारदा सांगून केव्हाच पक्कं झालेलं असतं. आजार पसरला की तेही जातं, पण नंतर.

पाच शब्दांवरून निदान होत नाही. मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. बी-12 आणि थायरॉइडही तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. तपासण्यांनंतर सुरुवातीचा अल्झायमर निघाला.

मुलीला मी एकच बदल सुचवला: "आत्ताच सांगितलं ना, बाबा" हे बंद. त्यांना सांगितल्याचं आठवत नाही, पण रागावलेला सूर मात्र मनात रेंगाळतो. आता फोनशेजारी एक पाटी आहे. तिच्यावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय: 'रविवारी येते.' बाबा अजून विचारतात, पण विचारता विचारता पाटीकडे बघतात.