शाळेतल्या देणगीदारांच्या भिंतीवरच्या पाटीवर काय लिहावं?

प्रश्न: वडिलांच्या स्मरणार्थ आम्ही तिघा भावंडांनी (दोन भाऊ, एक बहीण) गावच्या संस्थेच्या शाळेला विज्ञान प्रयोगशाळेसाठी देणगी दिली. देणगीदारांच्या भिंतीवर दीड फूट रुंद, एक फूट उंच ग्रॅनाइटची पाटी बसवणार आहेत आणि आमच्याकडे मजकूर मागितलाय. धाकट्या भावाला दुकानाचं नावही हवंय. नेमकं काय लिहावं?

उत्तर:

मी बारा वर्षं एका शिक्षण संस्थेचा सचिव होतो. त्या काळात अशा पाट्यांचा मजकूर बऱ्याचदा माझ्याच टेबलावरून कारागिराकडे गेला. घरून येणारा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा असायचा (नावं माहीत नाहीत म्हणून वडिलांना ‘अमुकराव तमुक’ म्हणतो):

‘ज्ञानदान हेच श्रेष्ठ दान. आमचे परमपूज्य पिताश्री, थोर समाजसेवक, दानशूर व्यक्तिमत्त्व कै. श्री. अमुकराव दादाजी तमुक यांच्या पावन स्मृतीप्रित्यर्थ समस्त तमुक परिवार व तमुक ट्रेडर्स यांचेकडून या भव्य प्रयोगशाळेसाठी रु. ५,००,०००/- सप्रेम भेट.’

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द काही ना काही अडचण करतो. सगळ्यांत महाग पडू शकणाऱ्या शब्दापासून सुरुवात करतो, म्हणजे दुकानाच्या नावापासून.

११ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं नेमक्या याच विषयावर एक परिपत्रक काढलं. क्रमांक ११६/३५/२०१९. धर्मादाय संस्थेला कुणी देणगी दिली आणि संस्थेनं कृतज्ञता म्हणून त्याचं नाव लावलं, तर जीएसटी लागत नाही. मात्र त्या नावामुळे देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात होता कामा नये. परिपत्रकात उदाहरणंही दिली आहेत. मालतीदेवी नावाच्या बाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली असं खोलीच्या दारावर किंवा फरशीवर लिहिलं, तर ती देणगीच. कारण तिथे तिच्या व्यवसायाचा उल्लेख नाही. ‘तमुक ट्रेडर्स’ कोरलं, त्याखाली ‘सिमेंट व स्टीलचे विक्रेते’ आलं, की शाळेनं दुकानाला जाहिरातीची जागा विकली असा अर्थ काढायला वाव मिळतो, आणि तो प्रश्न तुमच्या नव्हे, शाळेच्या गळ्यात पडतो. भावाला एवढं सांगितलं तर तो ऐकेल. दुकानाचं नाव लावायचंच असेल तर स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेत रीतसर जाहिरात द्यावी. तिची पावती वेगळी, हिशेब वेगळा.

आता वाक्य. पाटीवर मोठ्या अक्षरात एकच नाव असावं, आणि ते वडिलांचं. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी पैसे दिले आणि त्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि लोक अजून ‘राजाबाई टॉवर’च म्हणतात. पैसे कुणी दिले हे कुतूहल असलेल्यालाच ठाऊक असतं. तुमच्या पाटीतही तसंच: नाव वडिलांचं, देणारे तुम्ही, पण दोन पायऱ्या खाली.

नावाआधी काय लावायचं यावर घरात वाद होतील. ‘कै. श्री.’ दोन्ही एकत्र नको. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. घर वारकरी असेल तर ‘वै.’ लिहितात, बौद्ध घरात ‘कालकथित’, ख्रिस्ती घरात बहुधा ‘दिवंगत’. माझी स्वतःची पसंती वेगळी आहे: नावापुढे कंसात जन्माचं आणि मृत्यूचं साल द्या. मग काहीच लावावं लागत नाही आणि वीस वर्षांनी वाचणाऱ्या पोराला माणूस कोणत्या काळातला हेही कळतं. आईला ‘कै.’ हवंच असेल तर लिहा, तिथे हट्ट करू नका.

देणाऱ्यांच्या नावांआधी मात्र ‘श्री.’, ‘सौ.’ अजिबात नको. दगडावरचा ‘सौ.’ पुढे बदलता येत नाही. आमच्याकडे एका बाईंच्या यजमानांचं निधन झाल्यावर त्या दरवेळी शाळेत आल्या की त्या पाटीकडे पाठ करून बसायच्या. मला ते कळायला दोन वर्षं लागली.

‘समस्त तमुक परिवार’ हा शब्दप्रयोगही काढा. दिसायला सर्वसमावेशक, पण लग्नानंतर आडनाव बदललेली बहीण त्यातून अलगद गळते, आणि पैसे तर तिनंही दिलेत. तिला विचारा: नाव माहेरचं हवं, सासरचं हवं, की नुसतं पहिलं नाव. तिघांची नुसती पहिली नावं जन्मक्रमानं लिहिली तर प्रश्नच मिटतो, आणि ‘मुले’ या शब्दात मुलगीही येते.

मग ‘प्रयोगशाळेसाठी’ की ‘प्रयोगशाळा उभारली’? इथे खरं तेच लिहायचं. इमारत संस्थेनं बांधली आणि तुम्ही टेबलं, नळ, उपकरणं यांचे पैसे दिले असतील, तर ‘देणगीतून प्रयोगशाळा उभारली’ असं लिहिल्यावर दुसऱ्या देणगीदाराचा फोन मुख्याध्यापकांना दुसऱ्याच दिवशी येतो. शाळेच्या पावतीवर देणगीचं कारण जे लिहिलंय, पाटीवर तेच असू द्या.

रक्कम नको. जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर ‘रु. ५१’ कोरलेले दगड पाहिले असतील. त्या वेळी ती मोठी रक्कम होती, आज लोक हसून पाय ठेवतात. रकमेनुसार मांडणी करायची तर ती शाळेनं भिंतीवरच्या जागेतून करावी. ‘भव्य’, ‘थोर’, ‘दानशूर’ ही विशेषणंही गाळा. वडील खरंच शिक्षक असतील तर ‘शिक्षक’ एवढं एकच लिहा, ते विशेषण नसून माहिती आहे. सुभाषित नको, ते बहुधा शेजारच्या पाटीवरही असतं. उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, हे शाळेच्या उद्घाटनाच्या पाटीवर येईल, तुमच्या नाही.

एवढं गाळल्यावर उरतं ते असं:

विज्ञान प्रयोगशाळेतील साहित्य
अमुकराव दादाजी तमुक
(१९४६–२०२३)
यांच्या स्मरणार्थ
त्यांची मुले फलाणी, अमका आणि ढमका यांची देणगी
जून २०२५

तुमची खरी सालं आणि नावं घाला, बाकी साचा चालेल. आई हयात असेल आणि तिचं नाव हवं असेल तर ‘पत्नी’ अशी एक ओळ मुलांच्या आधी वाढेल, इतकंच. ‘यांचेकडून’ आणि ‘स्मृतीप्रित्यर्थ’ मी मुद्दाम टाळलेत. पहिला शब्द जुना वाटतो. दुसरा बहुतेक जण चुकीचा लिहितात. खरं रूप ‘स्मृतिप्रीत्यर्थ’: समासातला ‘स्मृति’ ऱ्हस्व, आणि प्रीति + अर्थ म्हणून ‘प्री’ दीर्घ. ‘स्मरणार्थ’ छोटा आहे आणि सहसा चुकत नाही.

या सहा ओळी तुमच्या जागेत बसतात का? पाटी बारा इंच उंच. वर-खाली दीड दीड इंच मोकळं सोडलं तर नऊ इंच उरतात, म्हणजे ओळीला दीड इंच. एवढं अंतर जास्त वाटेल, पण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार असतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून साधी अक्षरं शिरोरेषेपासून पायापर्यंत अर्धा ते पाऊण इंच आणि वडिलांचं नाव एक इंच धरा. फलकांच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा की एक इंच अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. व्हरांड्यातल्या भिंतीला तेवढं पुरतं. मुलांच्या नावांची ओळ लांब आहे, ती दोन ओळींत तोडावी लागली तर साल वडिलांच्या नावाशेजारी न्या, सातवी ओळ वाढवू नका. अंदाजावर जाऊ नका. खऱ्या मापाची प्रिंट काढून, पाटी जिथे लागणार त्याच उंचीवर चिकटवा आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

शेवटचा आणि खरा धोका टायपिंगचा. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर कारागीर बऱ्याचदा जसाच्या तसा वापरत नाही. त्याच्या संगणकावर जुने फॉन्ट असतात, तो पुन्हा टाइप करतो, आणि तिथे जोडाक्षरं, रफार मोडतात. ‘कुऱ्हाडे’ आडनावाचं ‘कुर्हाडे’ होतं, ‘विद्यार्थ्यांसाठी’ मधला अनुस्वार जातो. एका पाटीवर ‘आचार्यांच्या स्मरणार्थ’ऐवजी ‘आचाऱ्यांच्या स्मरणार्थ’ आलं होतं, म्हणजे गुरुजींचा स्वयंपाकी झाला. ग्रॅनाइटवर कोरलेलं अक्षर खोडता येत नाही. तो दगड घासून घ्यावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो, आणि तोपर्यंत कार्यक्रमाची तारीख आलेली असते. हिंदीसाठी बनवलेला फॉन्ट असेल तर ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी वळणाचे येतात. वाचता येतं, पण मराठी शाळेच्या भिंतीवर ते परकं दिसतं.

म्हणून कोरण्याआधीच्या नमुन्याचा फोटो मागवा, मजकुराचा नव्हे, त्याच्या स्क्रीनवरच्या अंतिम आराखड्याचा. तो उजवीकडून डावीकडे, एकेक शब्द सुटा करून वाचा. अर्थ लागेनासा झाला की डोळे अक्षरं पाहायला लागतात. सालं आणि आडनावं आधार कार्डाशी किंवा जुन्या दाखल्याशी ताडून घ्या, कारण वडिलांचं जन्मसाल घरात दोन तरी असतात. मग तिन्ही भावंडांचा ‘ठीक आहे’ असा लेखी निरोप घ्या, आधी बहिणीचा, आणि तो फोटोसकट शाळेला पाठवा.