‘रांडेच्या’ किती जड? शिवी मोजायची कशी

प्रश्न : “इंग्लंडात म्हणे सर्वांत जहाल शिवी कोणती याची पाहणी करून यादी काढतात. शिवी मोजतात कशी? आणि वयाप्रमाणं, देशाप्रमाणं क्रम का बदलतो?”

शब्द एकेक करून समोर ठेवायचा आणि चारांतलं एक उत्तर निवडायला सांगायचं : फार तीव्र, बरीच तीव्र, सौम्य, की शिवीच नाही. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसारण आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांनी बीबीसीसोबत केलेल्या पाहणीची पद्धत साधारण अशीच होती. त्या यादीत दक्षिण आशियाई माणसाला हिणवणारा ‘पाकी’ हा शब्द १९९८ मध्ये सतरावा होता, तो दोनच वर्षांत दहाव्या जागी आला. शब्द तोच राहिला, तो कुणाला लागतो याची जाण वाढली.

पण सुटा शब्द मोजण्यात मोठी खोट आहे. आपल्या कोल्हापुरातच बघा. रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्र सरकून जागा देत म्हणतो, “कुठं हुतास रं रांडेच्या, चार दिस?” यात निव्वळ माया आहे. बांधाच्या भांडणात हाच शब्द आला तर विळे निघतात. आता कोरा शब्द पुढं केला तर माणूस कोणता प्रसंग मनात धरून उत्तर देणार? सांगलीपलीकडचा पाहुणा तर फक्त आईवरचा घाव ऐकतो. म्हणून न्यूझीलंडच्या पाहणीत प्रसंगही सांगतात : तो शब्द मालिकेतलं पात्र बोललं की रेडिओवरचा निवेदक, हे सांगून मग चालेल का विचारतात.

वयाचं म्हणाल तर ज्या काळात माणूस वाढला, त्या काळी घरात जे उच्चारायची बंदी होती तेच त्याला जन्मभर टोचतं. सर्वसाधारणपणे थोरांना शरीरसंबंधाचे आणि देवाधर्माचे शब्द जड वाटतात. तरुणांना ते सवयीचे झालेत, पण वंशावरून किंवा अपंगत्वावरून हिणवलं की ते चटकन बिथरतात. दोघांची सरासरी काढली तर शब्द मधोमध जाऊन बसतो आणि खरं मत कुणाचंच कळत नाही.

देशाचं उदाहरण ‘ब्लडी’चं. ऑस्ट्रेलियात तो बोलण्यातला मीठमसाला आहे. २००६ मध्ये त्यांच्या पर्यटन जाहिरातीत तो आला आणि ब्रिटनच्या टीव्हीसाठी त्याला आधी मनाई झाली.

आणखी एक फसगत होते. जो शब्द लोकांनी कधी ऐकलेलाच नाही, तो ‘सौम्य’ ठरून खाली जातो. म्हणून ‘रांडेच्या’ मोजायचा झाला तर मी आधी विचारीन, हा शब्द तुमच्या कानावर आहे का? मग कट्टा, बांध आणि परक्या माणसापुढं अशी तीन वाक्यं देईन, आणि साठीपुढच्यांची उत्तरं विशीतल्यांपासून वेगळी ठेवीन.