मैत्रीण जर्मनीला चाललीय, निरोपाचं पत्र कसं लिहू?

ताई,
माझी बालमैत्रीण मनू (नाव बदललंय) नर्स आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती जर्मनीला, स्टुटगार्टच्या एका हॉस्पिटलात रुजू व्हायला चाललीय. मुंबईला जाणाऱ्या गाडीत घरच्यांपुरतीच जागा आहे, त्यामुळं आमचा निरोप इथंच, तिच्या दारात. तिला काहीतरी लिहून द्यायचंय, पण लिहिते आणि फाडते. शेवटचं असं झालं: ‘मने, तू चाललीस, आता माझं कसं होणार? बालवाडीपासूनच्या किती आठवणी सांगू! तिकडं जाऊन सांगलीचं नाव काढ. वेळेवर जेवत जा, कुणावर पटकन विश्वास ठेवू नकोस. आम्हाला विसरू नकोस. आई-बाबांची काळजी करू नकोस, मी आहे.’ वाचलं की तक्रारीसारखं वाटतं. आणि एक तक्रार आहेही. व्हिसा आल्याचं मला तिच्या चुलतबहिणीकडून कळलं. माझे बाबा मिरजेला ॲडमिट होते तेव्हा हीच मुलगी रात्रपाळी संपवून सकाळी आमच्याकडं यायची, मला वॉर्डाबाहेर काढून डब्यातला उपमा खायला लावायची. तिच्याबद्दल मनात हे असं का यावं? काय लिहू?
– एक शिक्षिका, सांगली

प्रिय मैत्रिणी,

आधी ती तक्रार वेगळी काढू, कारण ती मनात ठेवून लिहायला बसलीस तर ‘विसरू नकोस’च्या आडून ती डोकावणारच. व्हिसाची गोष्ट दुसऱ्याकडून कळली याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण तिच्या बाजूनंही बघ. नर्सला जर्मनीत जायचं तर भाषेच्या परीक्षा, प्रमाणपत्रांची भाषांतरं, त्यांची तपासणी, मग व्हिसाची मुलाखत, असं महिनोन्‌महिने चालतं आणि कुठल्याही टप्प्यावर अडू शकतं. पासपोर्ट हातात पडेपर्यंत पुष्कळ मुली कुणाकडंच बोलत नाहीत. मग एकदा घरात कळलं की बातमी तिच्याआधी पोचते.

म्हणून या आठवड्यातच तिला भेट आणि एकच वाक्य बोल: ‘मला दुसऱ्याकडून कळलं, ते लागलं गं.’ ‘नेहमी तू असंच करतेस’ हे त्याला जोडायचं नाही. ती काय म्हणते ते ऐकून घे आणि मग तिच्यासोबत खरेदीला जा. हे बोलणं निघायच्या दिवशी किंवा आदल्या रात्री काढू नकोस. बॅग वजनकाट्यावर आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तिला उत्तर देता येणार नाही, आणि ते अर्धवट बोलणंच ती विमानात घेऊन बसेल.

आता तुझा मसुदा. त्यातलं प्रत्येक वाक्य ती कुठं आणि कोणत्या वेळी वाचणार, ते डोळ्यांसमोर आण.

‘माझं कसं होणार’ हे खरं आहे, पण याचं उत्तर तिनं द्यायचंय. ती बिचारी काय करणार, तुझी समजूत काढणार. तुला तिची उणीव भासणार असेल तर ती कुठं भासेल ते लिही, म्हणजे तिला फक्त वाचायचं उरतं.

‘सांगलीचं नाव काढ’ हे वाक्य तर काढच. कारण सांगते. इथं वॉर्ड सांभाळलेल्या नर्सला तिथं गेल्या गेल्या पूर्ण नर्स म्हणून काम मिळतंच असं नाही. इथलं शिक्षण तिथं मान्य होण्यासाठी बहुतेकींना काही महिने वाढीव प्रशिक्षण तरी घ्यावं लागतं किंवा परीक्षा तरी द्यावी लागते, आणि बी-टू पातळीची जर्मन लागतेच. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करायचं. त्यात नोव्हेंबर. दुपारी साडेचार-पाचला अंधार, आणि रविवारी दुकानं बंद. अशा एखाद्या संध्याकाळी तिला वाटेल की आपलं काही जमत नाही. तेव्हा जिनं ‘नाव काढ’ म्हणून पाठवलं तिला फोन करायची लाज वाटते. परदेशी गेलेल्या माणसाचे फोन कमी होतात त्यामागं पुष्कळदा हेच असतं. इथल्या मंडळींना वाटतं ती बदलली, आणि तिच्याकडं मात्र सांगण्यासारखी चांगली बातमी नसते. म्हणून पत्रातलं एक वाक्य असं हवं की वाईट बातमी सांगायची वाट उघडी राहील.

जेवणाचा आणि विश्वासाचा सल्ला आई, मावशी, शेजारच्या काकू सगळे देणार आहेत. तू दिला नाहीस तर काही अडत नाही.

‘आई-बाबांची काळजी करू नकोस, मी आहे’ या वाक्यातलं मन मोठं आहे, पण वचन इतकं मोठं आहे की ते पाळलं की नाही हे तुलाही कळणार नाही. तुझी शाळा, तुझं घर सांभाळून वर्षभर जेवढं निभेल तेवढंच लिही. महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडं जाणं, किंवा मनूच्या आईला व्हिडिओ कॉल घ्यायला आणि लावायला शिकवणं. दुसरं काम तर मनू निघायच्या आधीच करून टाक. पहिल्या आठवड्यात आईला कॉल घेता आला नाही म्हणून दोन्हीकडं रडारड होते.

आणि ‘किती आठवणी सांगू’ असं म्हणून तू एकही सांगितलेली नाहीस. बालवाडीपासूनची यादी नको. एकच प्रसंग घे, आणि तो तुझ्या पत्रातच आहे. मिरज. तिथलं जे तुला अजून दिसतं ते जसंच्या तसं लिही: डब्याचं झाकण, तिचा रात्रपाळीचा चुरगळलेला ड्रेस, ती काय बोलली. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ या वाक्यापेक्षा तो उपमा तिला जास्त सांगेल.

लांबी एका कागदाची एक बाजू, दीडशे शब्दांच्या आत. त्याहून लांब झालं की आपण पुन्हा स्वतःविषयी लिहायला लागतो. मी असं मांडलं असतं, कंसातल्या जागा तुझ्या आठवणीतून भर:

‘मने,
बाबा मिरजेला होते तेव्हा तू रात्रभर ड्यूटी करून सकाळी यायचीस. मला हाताला धरून बाहेर न्यायचीस आणि उपमा संपेपर्यंत समोर बसून राहायचीस. (तेव्हा ती जे म्हणायची ते, तिच्याच शब्दांत.) तुला स्वतःला झोप हवी होती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते तुला कधी बोलले नाही, म्हणून आज लिहितेय.
तू नसताना मला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटेल ते (जागा आणि वेळ, उदाहरणार्थ शनिवारी शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर).
तिथं सगळं छान चाललंय हेच मला कळवायला हवं असं नाही. कंटाळा आला, रडू आलं, परत यावंसं वाटलं, तरी मला सांग. मी कुणाकडं बोलणार नाही.
महिन्यातून एका शनिवारी मी काकूंकडं जाईन आणि तिथून तुला कॉल लावून देईन.
दर रविवारी मी तुला एक व्हॉइस मेसेज पाठवीन. उत्तर सवडीनं दे, नाही दिलंस तरी पुढच्या रविवारी मी पाठवीनच.
तुझी, (ती ज्या नावानं हाक मारते ते)’

रविवारच्या कॉलची वेळ मी मुद्दाम ठरवलेली नाही, मेसेजच ठेवलाय. तिची ड्यूटी आठवड्याआठवड्याला फिरणार, शनिवार-रविवारही कामावर असणार. ठरलेला कॉल दोनदा चुकला की दोघींनाही अपराधी वाटतं आणि मग तो बंदच पडतो. बोलायचंच असेल तर हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार तास पुढं असतं हे धर. तिची दुपारपाळी असेल त्या आठवड्यात तिच्या सकाळी नऊला आपल्याकडं दुपारचा दीड वाजतो. सकाळपाळी असेल तेव्हा ती दुपारी घरी येईल, तिच्या साडेतीनला तुझे रात्रीचे आठ. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढं जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. त्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो, तेव्हा ‘ती फोनच उचलत नाही’ असं मनात आणण्याआधी घड्याळ बघ.

पत्र हातानं लिही. व्हॉट्सॲपवर त्या दिवशी तिला शंभर शुभेच्छा येणार आहेत, फुलांच्या चित्रांसकट, त्यात तुझं पत्र वाहून जाईल. गाडी निघायच्या दिवशी दारात दे, पाकीट बंद करून, वर लिही: ‘आत जाऊन बसल्यावर उघड.’ मुंबईला विमानतळाच्या आत तिकीट असलेल्यांनाच सोडतात. दारापाशी घरच्यांचा निरोप, मग सामान, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. हे सगळं उरकल्यावर तिला पहिल्यांदा एकटीला बसायला मिळेल. विमानापर्यंत तासभर तरी हातात असेल, आणि पत्र वाचायची वेळ तीच. पाकीट तिच्या हातातल्या पर्समध्ये जाऊ दे. मोठ्या बॅगेत गेलं तर स्टुटगार्टला पोचल्यावरच सापडेल. पासपोर्टच्या फाइलमध्येही नको, खिडकीपाशी कागद काढताना खाली पडतं. देण्याआधी पत्राचा एक फोटो तुझ्याकडं काढून ठेव.

विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारखेकडं नीट बघ. तिकिटावर शनिवार पहाटे पावणेदोन असलं तर ती शुक्रवारी रात्रीच विमानतळावर असते. पुष्कळांचे निरोप असे चोवीस तास उशिरा जातात आणि ती उतरल्यावर पोचतात. तिला सांगून ठेव की आत बसलीस की मला नुसतं एक टिंब पाठव. ते आलं की तू फक्त ‘पाकीट उघड’ एवढंच लिही.

पत्रासोबत खाऊ द्यायचा मोह होईल. पेढे, बर्फी, घरचं तूप देऊ नकोस. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्त्याची जुडीही नको. मेतकूट किंवा भाजणी चालेल, पाव किलोच्या वर नको, कारण बॅगेचं वजन तिच्या आईनं आधीच भरत आणलेलं असणार.

तिथं पोचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तिच्याकडून फारसं काही येणार नाही. राहण्याच्या पत्त्याची सरकारी नोंदणी, बँकेचं खातं, विमा, नवं सिमकार्ड आणि त्यातच कामाचे पहिले दिवस, सगळं एकदम आणि सगळं जर्मनमध्ये. पत्राबद्दल ती काहीच बोलली नाही तर ‘वाचलंस का’ म्हणून विचारू नकोस. रविवार आला की ठरल्याप्रमाणं मेसेज पाठव, दोन मिनिटांच्या आतला, आणि त्यात गावातलं काहीतरी साधं सांग: नदीला पाणी किती आहे, वर्गातली पोरं काय म्हणाली, काकूंचा व्हिडिओ कॉल या वेळी लागला की नाही.

तुझी,
ताई