रेफर करणाऱ्या सरांना मुलाखतीचं काय सांगायचं?

"माझ्या जुन्या सिनियरनी त्यांच्या कंपनीत माझं नाव दिलं, त्यामुळेच परवा मुलाखत झाली. पण एका प्रश्नावर मी पार अडकलो. आता त्यांना लगेच कळवू की निकाल लागेपर्यंत थांबू? वाईट झालं हे सांगितलं तर त्यांना माझी लाज वाटेल का?"

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारा तरुण अशाच पेचात माझ्याकडे आला होता. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्याच्या आधीच्या सुपरवायझरनी नवीन ठिकाणी त्याला रेफर केलं होतं. मुलाखत तासभर चालली. कंट्रोल प्लॅन, गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरची कारवाई यावर तो छान बोलला. मग गेज आर अँड आर निघालं. मोजणीच्या साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात किती फरक पडतो, ते त्यातून कळतं. सर्वसाधारणपणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं, १० ते ३० मध्ये परिस्थिती पाहून चालवून घेतात, ३० च्या वर नाही. रोजच्या कामातलं असूनही तो या मर्यादा उलटसुलट बोलून बसला. तेव्हापासून सरांना फोन करायचं त्याचं धाडसच होईना.

मी त्याला आधी विचारलं, सरांना या मुलाखतीबद्दल कळणार तरी कुठून? बहुतेक कंपन्यांत रेफर करणाऱ्याला अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे एवढंच दिसतं, कधी कधी तेही नाही. पण मुलाखत घेणारा त्याच प्लांटमधला असतो. कँटीनमध्ये भेटला की सहज म्हणतो, "तुमचा माणूस येऊन गेला." त्या क्षणी सरांना काहीच माहीत नसेल तर अवघडल्यासारखं त्यांना होतं. फॉर्मवर त्यांचं नाव आहे, उमेदवाराला कसं आणि किती दिवस ओळखता हेही बऱ्याचदा त्यांनी लिहून दिलेलं असतं. एका उत्तरात चूक झाली म्हणून त्यांना लाज वाटत नाही. आपण रेफर केलेला माणूस गप्प बसला, हे मात्र खटकतं.

त्याने लिहून ठेवलेला मेसेज असा होता: "सर, इंटरव्ह्यू झाला, थँक्यू. एचआरला जरा विचाराल का माझं काय झालं?" यातला दुसरा भाग मी काढायला लावला. निकाल जाहीर होण्याआधी आतून काढून द्या, अशी मागणी आहे ती. एचआरने सांगितलं नाही तर सरांची पंचाईत, आणि सांगितलं तर त्याहून जास्त. आभारांना लागूनच नवं काम सांगितलं की आभार त्या कामासाठीच होते असं वाटतं.

मग आम्ही दोघांनी बसून हे लिहिलं:

"सर, आज अकराला मुलाखत झाली. तुम्ही नाव दिलंत म्हणून ही संधी मिळाली, मनापासून आभार. क्वालिटी हेड आणि एचआर होते, तासभर चालली. कंट्रोल प्लॅन आणि तक्रारींवरचं काम नीट सांगता आलं. गेज आर अँड आरच्या मर्यादा चुकल्या, घरी येऊन पुन्हा वाचल्या. पुढच्या आठवड्यात कळवू म्हणालेत. कळलं की तुम्हाला सांगतो."

यात "मस्त झाली" नाही आणि "वाट लागली" पण नाही. निकाल आपल्या हातात नसताना तो आधीच सांगून टाकला की पुढे स्पष्टीकरणं देत बसावं लागतं. जे घडलं ते सांगितलं की पुरतं. कोणते प्रश्न आले याची यादीही देऊ नका, विषयाचं नाव पुरे. तेच प्रश्न पुढच्या उमेदवारालाही विचारायचे असतात. मुलाखत घेणाऱ्याबद्दल तक्रार तर अजिबात नको, तो सरांचा रोजचा सहकारी आहे.

मेसेज गेला, सरांचा फोन आला. चुकीबद्दल ते एका वाक्यात बोलले आणि नवीन लाइनबद्दल बराच वेळ. त्याची निवड मात्र झाली नाही. नकाराचा मेल आला त्याच दिवशी त्याने सरांना दोन ओळी पाठवल्या: "सर, या वेळी झालं नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात याबद्दल आभारी आहे." हा शेवटचा मेसेज बहुतेक जण पाठवतच नाहीत. मला तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मागण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

पेढे किंवा भेटवस्तू घेऊन आत्ताच जाऊ नका. निकालाआधी दिलेली वस्तू सरांना कंपनीत अडचणीची ठरू शकते. नोकरी लागली तर रुजू झाल्यावर घरी जाऊन भेटा.

तुमची मुलाखत परवा झाली आहे, तेव्हा आजच लिहा. उशिराबद्दल "कळवायला दोन दिवस लागले, माफ करा" एवढं बास. सर फोनवरच बोलणारे असतील तर फोन करा, पण त्यांची शिफ्ट सुटल्यावर.